पासबुकात न दिसणारे पाच हजार

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, बँकेचं काम या वर्षी माझ्याकडे आलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना पासबुकावरची बारीक छपाई लागत नाही. भिंगारमध्ये आमच्या घरी सगळे व्यवहार एकाच सहकारी बँकेत आहेत, आणि आईंचं तिथलं खातं माझ्या लग्नाच्याही आधीचं. मी स्वतः पगार मोबाईलवर बघणारी. छापील पासबुक वाचायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

आईंची तक्रार सरळ होती. "अगं, व्याज कमी टाकलंय. दहा तारखेच्या आत पैसे भरले नाहीत की महिन्याचं व्याज बुडतं. आणि माझे शेअर्सचे पाच हजार कुठं दिसत नाहीत ते बघ."

पानं उलटली आणि मला काहीच कळेना. "बाय कॅश", "टू ट्रान्सफर", "एसबी इंट" अशा तुटक नोंदी. एका रकान्यात नावे, एकात जमा, शेवटी शिल्लक. 2017 च्या पानावर एकाच दिवशी दोन लाख जमा आणि लगेच त्याखाली पाच हजार नावे. ते पाच हजार पुढे कुठेच परत आलेले नाहीत.

शेजारचे काका एका पतसंस्थेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पासबुक घेऊन गेले. त्यांनी आधी मला व्याज करायला बसवलं, कारण तेवढं एकच असं आहे की बँकेत न जाता घरी बसून तपासता येतं.

जुलै ते सप्टेंबर 2025 ही तिमाही घेतली. 1 जुलैला शिल्लक 24,000. 11 जुलैला शेतातल्या कांद्याची पट्टी आली, ते 30,000 रोख भरले, शिल्लक 54,000. गौरी-गणपतीच्या खरेदीसाठी 25 ऑगस्टला 14,000 काढले. राहिले 40,000, ते सप्टेंबरअखेर तसेच. तिमाहीच्या शेवटी व्याज जमा: 341 रुपये. दर तीन टक्के.

"आता दिवस मोज," काका म्हणाले. "दिवसाच्या शेवटी खात्यात जे असतं, त्या रकमेवर त्या दिवसाचं व्याज."

24,000 रुपये 10 दिवस होते. 54,000 होते 11 जुलै ते 24 ऑगस्ट, म्हणजे 45 दिवस. 40,000 होते 25 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर, म्हणजे 37 दिवस. तिन्हींची बेरीज 92, तिमाहीचे दिवस जुळले. ही बेरीज आधी जुळवून घ्यायची, नाहीतर कुठलातरी दिवस दोनदा धरला जातो किंवा सुटतो. मग प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणलं: 2,40,000, 24,30,000 आणि 14,80,000. एकूण 41,50,000. याला तीनने गुणून 36,500 ने भागलं की 341 रुपये 10 पैसे. पासबुकातली नोंद बरोबर होती.

मग आई चुकीचं सांगत होत्या का? नाही. त्या ज्या नियमावर वाढल्या तो खरा होता, फक्त आता तो लागू नाही. पूर्वी बचत खात्यावर प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज देत. त्या हिशेबाने जुलैला फक्त 24,000 धरले गेले असते, कारण 10 तारखेला खात्यात तेवढेच होते आणि कांद्याचे पैसे एका दिवसाने उशिरा आले. ऑगस्टला आणि सप्टेंबरला 40,000. तिन्ही महिन्यांचं मिळून व्याज 260 रुपये झालं असतं. 1 एप्रिल 2010 पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकीवर व्याज द्यायला लावलं, म्हणून 341 आले. आमच्या गल्लीत अजूनही बायका 9 तारखेला बँकेत धावतात. त्या धावपळीची आता गरज नाही. पैसे ज्या दिवशी हातात येतील त्या दिवशी भरणं एवढंच महत्त्वाचं.

व्याजाचं समाधान झालं, पण काकांचं बोट पासबुकाच्या आधीच्या पानावर थांबलं. मार्च 2024 मध्ये 60,000 नावे टाकून मुदत ठेव केलेली. दर सात टक्के, व्याज तिमाही, बचत खात्यात. जून, सप्टेंबर, डिसेंबर 2024 आणि मार्च 2025, चारही वेळा 1,050 जमा. त्यानंतर मात्र एकही नोंद नाही, आणि 60,000 परत आल्याचीही नाही. माझ्या डोळ्यांना यात काहीच खटकलं नसतं, कारण पासबुकात जे छापलेलं असतं ते आपण वाचतो. जे छापलं जायला हवं होतं आणि नाही, ते शोधायला आधी किती व्याज किती अंतराने यायला हवं हे माहीत असावं लागतं.

कपाटातून ठेव पावती काढली. मुदत एक वर्ष, 12 मार्च 2025 ला संपलेली. मुदत संपल्यावर नूतनीकरण करायचं की रक्कम खात्यात टाकायची, या सूचनेची जागा कोरी. म्हणजे साठ हजार बँकेत तसेच पडून होते. आणि अशा पडून राहिलेल्या ठेवीला कराराचा दर मिळत नाही. जुलै 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की मुदत संपूनही रक्कम कोणी नेली नाही तर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तोच मिळतो. सहा महिन्यांचा, म्हणजे 12 सप्टेंबरपर्यंतच्या 184 दिवसांचा हिशेब मी घरी केला: सात टक्क्यांनी साधारण 2,117 रुपये झाले असते, तीन टक्क्यांनी 907. बाराशे रुपयांचा फरक, आणि बँकेचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ठेव पावतीच्या मागे दोन शब्द लिहिले असते तर हा फरक पडला नसता. मला मनापासून वाटतं, बँकेने ठेव घेतानाच ती जागा कोरी ठेवू देऊ नये.

आता राहिले पाच हजार, आणि खरी गुंतागुंत इथेच होती.

2017 मध्ये आईंनी घरावर तारण देऊन दोन लाखांचं कर्ज घेतलं. सहकारी बँकेत कर्जदार सभासद असावा लागतो आणि कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात: तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारण कर्जाला पाच टक्के हा रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला दंडक; भांडवल भक्कम असलेल्या बँकांना पुढे त्यात मोकळीक मिळाली. दोन लाखांचे अडीच टक्के म्हणजे नेमके पाच हजार. कर्जाची रक्कम खात्यात जमा झाली आणि त्यातूनच शेअर्सचे वळते झाले. कर्ज 2021 मध्ये फिटलं. आईंना वाटत होतं, कर्ज फिटल्यावर हेही खात्यात परत आले असतील.

तसं होत नाही. बचत खात्याच्या पासबुकात भागांची एकच खूण असते, ती पैसे गेल्याची. पुढे ते पैसे भागभांडवलाच्या खात्यात राहतात, त्याचा कागद म्हणजे भाग दाखला, आणि त्याची शिल्लक बघायची तर सभासद क्रमांक सांगून शेअर्स विभागात विचारावं लागतं. आईंचा दाखला कर्जाच्या कागदांच्या पिशवीत, घराच्या कराच्या पावत्यांखाली मिळाला. भागांवर व्याज मिळत नाही, लाभांश मिळतो. तोही नफा झाला आणि वार्षिक सभेने मंजूर केला तर. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात निबंधकांच्या परवानगीशिवाय पंधरा टक्क्यांच्या वर लाभांश देता येत नाही. पाच हजारांवर दहा टक्के धरले तरी वर्षाला पाचशे. आईंच्या पासबुकात लाभांशाची एकही नोंद नव्हती.

बँकेत चौकशी केली तेव्हा कळलं, लाभांश एक वर्ष सोडून दरवर्षी लागला होता पण बचत खात्यात वळता करण्याचं पत्र कधी दिलेलंच नव्हतं, म्हणून तो देणे लाभांश म्हणून बाजूला राहिला. बहुतेक बँकांच्या उपविधींत तीन वर्षांत न नेलेला लाभांश राखीव निधीत जातो. आईंच्या जुन्या वर्षांचा तसाच गेला. शेवटच्या वर्षांचा मिळाला. त्या सुटलेल्या एका वर्षासाठी मात्र कोणावर बोट ठेवता येणार नव्हतं: 31 मार्च 2020 ला संपलेल्या वर्षाचा लाभांश रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना द्यायला मनाई केली होती. लाभांश वर्षवार तपासताना हे माहीत नसेल तर माणूस उगाच भांडत बसतो.

मी म्हटलं, मग शेअर्सच परत घेऊ. तेही मागितलं की मिळालं असं नाही. भागांची रक्कम हे बँकेचं स्वतःचं भांडवल. ते परत देताना भांडवल पर्याप्तता नऊ टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही.

या ठिकाणी काका गंभीर झाले. नगर अर्बन बँक आमच्या शहराची, 1910 ची. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2021 मध्ये तिच्यावर निर्बंध आणले आणि 4 ऑक्टोबर 2023 ला परवाना रद्द केला. भिंगारमध्येही त्या दिवसांत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. अशा वेळी ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून, एका बँकेतल्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून वाढवली. भागांना हा विमा नाही. सभासद हा बँकेचा मालक, आणि अवसायनात सगळ्यांची देणी फिटून काही उरलं तरच मालकाची पाळी येते. आईंचे बचत खात्यातले 40,000 आणि ठेवीचे 60,000 विम्यात बसतात, पण शेअर्सच्या 5,000 ना ते संरक्षण नाही. रक्कम लहान आहे म्हणून आम्हाला झोप लागते. ज्यांनी चांगला लाभांश मिळतो म्हणून ठेवीऐवजी भागांत लाख-दीड लाख ठेवले, त्यांनी हा फरक समजून घ्यायलाच हवा.

आता ठेव नूतन झाली आहे आणि पावतीवर सूचना लिहिली आहे. लाभांश बचत खात्यात वळता करण्याचं पत्र दिलं, त्याची पोच घेतली. वार्षिक सभेची नोटीस आली की लाभांशाचा दर वहीत उतरवायचा आणि सभेनंतर नोंद पडली का ते बघायचं, असं ठरलं.

शेवटचं एक काकांनीच लक्षात आणून दिलं. बचत खात्यावर आईंनी माझ्या नवऱ्याचं वारस म्हणून नाव लावलेलं आहे, पासबुकाच्या पहिल्या पानावर तसं छापलेलंही आहे. पण ते नामनिर्देशन भागांना लागू होत नाही. ठेवींचं नामनिर्देशन बँकिंग कायद्याखाली, भागांचं सहकार कायद्याखाली. अर्ज वेगळा, नोंदवही वेगळी. शेअर्स विभागात विचारलं तर आईंच्या नावापुढची ती जागा रिकामी निघाली. अर्ज आणलाय, आईंची सही व्हायची आहे.