डागाचा हिशेब



तुमच्यापैकी अनेकींची मुले पुण्यात भाड्याने राहतात आणि काहींची घरे तिथे भाड्याने दिलेली आहेत, म्हणून गेल्या महिन्यातली घरची गोष्ट सांगते. त्यात चूक आमचीच होती.

पुण्यातला आमचा फ्लॅट नोव्हेंबर 2022 पासून एका तरुण जोडप्याकडे होता. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले आणि 31 जुलै 2025 ला त्यांनी चावी दिली. अनामत होती 60,000 रुपये. आमचे हे सांगलीहून जाऊन घर बघून आले आणि 16,500 कापून 43,500 परत केले. बेडरूमच्या भिंतीवरचा डाग काढून रंग देण्याचे 7,000, स्वयंपाकघरातल्या संगमरवरी फरशीच्या पॉलिशचे 8,000 आणि कपाटाच्या दारावर इस्त्री टेकून पडलेल्या डागाचे 1,500. यादी मीच वहीत लिहिली. सगळे व्यवस्थित झाले असे मला वाटले होते.

आठवड्याभराने पत्र आले. त्या मुलीने लिहिले होते, छापील, एकच पान.

‘काका-काकूंना नमस्कार,’ अशी सुरुवात. ‘कपाटाचा डाग आमच्या हातून पडला. त्याचे 1,500 रुपये मान्य आहेत. बाकीचे दोन डाग आम्ही राहायला आलो तेव्हाच होते. 2 नोव्हेंबर 2022 ला सकाळी सहा फोटो काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. खाली लिहिले होते, “हे आधीचे आहे, नोंद असावी.” काकांनी अंगठा दाखवला होता. ते फोटो सोबत जोडले आहेत. फरशीवरचा गोल डाग सिलेंडरच्या बुडाच्या मापाचा आहे. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पाइपचा गॅस होता. सिलेंडर आम्ही कधी आणलाच नाही. 15,000 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत ही विनंती. आमचे काही चुकत असेल तर कृपया कोणत्या आधारावर, ते लेखी कळवावे.’

ह्यांचा पहिला शब्द होता, ‘पेंटरचे बिल आहे की आपल्याकडे!’ खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. पण कॉमर्स शिकलेली बाई मी, दुपारभर ते वाक्य मनात घोळत राहिले. बिल काय सिद्ध करते? पैसे खर्च झाले एवढेच. तो खर्च कोणाच्या माथी टाकायचा, हे बिल सांगत नाही. आणि अनामत ही आपली कमाई नसतेच. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला बसते. त्यातला रुपया कापायचा तर कारण दाखवायचे काम कापणाऱ्याचे.

संध्याकाळी फ्लॅटची फाइल काढली. करारनाम्याच्या शेवटी सामानाची यादी होती: पंखे चार, ट्यूबलाइट पाच, गीझर एक. भिंत आणि फरशी कशी आहे, यावर एक ओळ नाही. वर फक्त ‘घर सुस्थितीत ताब्यात दिले’ एवढे छापील वाक्य, जे प्रत्येक करारात असते आणि कोणी वाचत नाही.

त्याखालीच एक कागद सापडला. ऑगस्ट 2021 चे, सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलेले पत्र. ‘वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपून आमच्या बेडरूमच्या भिंतीवर मोठा पिवळा डाग पडला आहे.’ अक्षर माझेच!

मग सगळे आठवले. वरच्यांनी गळती दुरुस्त केली, आणि 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही त्या भिंतीवर नुसता रंग मारून घेतला. तेव्हा पेंटर म्हणाला होता, ‘ताई, आधी डाग दाबणारा ऑइल प्रायमर मारायला हवा.’ आम्ही खर्च वाचवला. पाण्याचा डाग साध्या रंगाखाली दबून राहत नाही, काही महिन्यांत वर येतो. तो कसा ओळखायचा, तेही सांगते. तेलकट हात लागून पडलेला डाग हाताच्या उंचीवर असतो आणि कडेला विरत जातो. पाणी झिरपलेल्या डागाची कड मात्र मधल्या भागापेक्षा गडद असते, नकाशावरच्या किनाऱ्यासारखी. मुलीच्या फोटोत ती कड स्पष्ट होती.

फरशीचेही तेच. लेक तिथे राहायचा तेव्हा सिलेंडर ओट्याखाली त्याच जागी असे. बुडाच्या लोखंडी कड्याचा गंज ओल्या फरशीत उतरला. संगमरवर सच्छिद्र, गंज आत शिरतो, पुसून जात नाही. (लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर लावू नका. आम्लाने दगडच खातो आणि डागाशेजारी दुसरा डाग होतो.)

ह्यांच्या फोनमध्ये मागे मागे जाऊन 2 नोव्हेंबर शोधला. सहा फोटो होते. खाली ह्यांचा अंगठा होता.

रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा मन लागेना. अचौर्याच्या अतिचारांत घेताना एक माप आणि देताना दुसरे, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. मला तो दुकानदारांचा दोष वाटायचा. इथे माझीच दोन मापे निघाली. डाग वरच्यांनी पाडला तेव्हा मी कागदावर तारीख घालून तक्रार केली, आणि तोच डाग भाडेकरूच्या हिशेबात टाकताना वहीसुद्धा उघडून पाहिली नाही. खोटे बोलायचे असे मनात नव्हते. पण न तपासता घेतलेले न दिलेलेच ना!

सकाळी ह्यांना कागद दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फोन मी करतो.’ 15,000 त्याच दिवशी पाठवले. मुलगी एवढेच म्हणाली, ‘काका, भांडायचे नव्हते, म्हणूनच लिहिले.’

ते पत्र मी जपून ठेवले आहे, कारण असे पत्र कसे लिहावे ते त्यातून शिकता येते. आपला दोष तिने आधी आणि रकमेसह कबूल केला, म्हणून पुढचे खरे वाटले. प्रत्येक डागाला वेगळा पुरावा दिला. रक्कम आणि मुदत सांगितली. आरोप एकही केला नाही. तुमच्या मुलांना सांगा, सामान लावण्याआधी, दिवसाच्या उजेडात, खोलीचा एक आणि डागाचा जवळून एक असे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. फोटो नुसते फोनमध्ये ठेवले तर मालकांना ते कळलेच नव्हते असे होते.

नवे भाडेकरू गेल्या आठवड्यात आले. या वेळी मीही गेले होते. सामानाच्या यादीखाली मी लिहिले: ‘स्वयंपाकघरात ओट्याखाली गंजाचा गोल डाग, जुना. कपाटाच्या उजव्या दारावर इस्त्रीचा डाग, जुना.’ दोघांच्या सह्या घेतल्या. भिंतीचे काही लिहावे लागले नाही. तिला या वेळी आधी प्रायमर मारून घेतला आहे, आमच्या खर्चाने.