खोटी खळी

बातम्यांच्या टेबलावर बरीच वर्षं मी फोटो तपासत आलो आहे. यंत्राने मुळापासून रचलेल्या चित्रापेक्षा मला धास्ती वाटते ती खऱ्या फोटोतल्या एका खोट्या रेषेची.

28 मे 2023 रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. तिकडे निघालेल्या आंदोलक कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पोलिसांच्या बसमधल्या एका सेल्फीत विनेश आणि संगीता फोगट गंभीर चेहऱ्याने बसलेल्या होत्या. थोड्याच वेळात तोच फोटो पुन्हा फिरू लागला, पण आता त्या हसत होत्या. आंदोलन म्हणजे नुसतं नाटक, असं त्या हसण्यातून सुचवलं जात होतं.

असा फोटो पकडणं अवघड, कारण त्यातलं जवळजवळ सगळं खरं असतं. बस खरी, माणसं खरी, उजेडही खरा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत वेळ, कॅमेरा अशा नोंदी सहसा उरत नाहीत. चित्र दाबलं गेल्यामुळे फेरफाराच्या खुणाही पुसट होतात. ओळखणारं सॉफ्टवेअर फार तर टक्केवारी देतं. तेवढ्यावर कोणाला खोटं ठरवता येत नाही.

तिथे कामाला आला तो मूळ फोटो. तो आधीच ट्विटरवर होता. पडताळणी करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, तर ओठ आणि गाल सोडून काही बदललेलं नव्हतं. हसऱ्या फोटोत गालांवर खळ्या होत्या. दोघींच्या इतर फोटोंत हसतानाही तशा खळ्या दिसत नव्हत्या. मग मूळ फोटो फेसअ‍ॅपमध्ये घालून हसू चढवून पाहिलं, तेव्हा तशाच खळ्या उमटल्या. आता हे कोणीही स्वतः करून पाहू शकत होतं. मला हा पुरावा टक्केवारीपेक्षा मोलाचा वाटतो.

मूळ फोटो हाती नसेल तर? मग मी तो काढणाऱ्याला शोधतो आणि पुढचे-मागचे फोटो मागतो. सेल्फी कोणी सहसा एकच काढत नाही. तेही मिळाले नाहीत, तर आवृत्ती सुटायची वेळ झाली तरी फोटो थांबवावा आणि बातमी शब्दांत द्यावी.

खोटेपणा सिद्ध झाल्यावरही एक प्रश्न उरतो: तो फोटो छापायचा का? वाचकाला फसवणूक समजण्यासाठी गरज असेल तरच मी तो घेतो. मग ‘बनावट’ हा शिक्का कोपऱ्यात नको, थेट चेहऱ्यावरून हवा. कोपरा कापून फोटो पुढे पाठवणं फार सोपं असतं. मथळ्यातही आधी खरं काय ते यावं. ‘कुस्तीगीर हसल्या का?’ असं विचारलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे हसूच राहतं, आणि ते हसू तर त्यांचं नव्हतंच.