सोळा भाज्या आणि सोळा दिवस

अमरावती-अकोल्याकडे हिंदी भाषक विहीण किंवा सून असणे नवलाचे नाही. इंदूर, बुऱ्हाणपूर, बैतूल आम्हांला पुण्याहून जवळ, आणि १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशातच होते. त्यामुळे भाद्रपद जवळ आला की महालक्ष्मीच्या जेवणाचा निरोप हिंदीत करून देण्याचे काम माझ्याकडे येतेच. आता हे काम शिकणारी एक मुलगी सोबत आहे आणि तिला नियम हवा असतो : धार्मिक शब्द तसाच ठेवायचा की त्याचा अर्थ द्यायचा? माझे मत असे झाले आहे की वाचणाऱ्याला अजिबात न कळणारा शब्द फारसा घात करत नाही, कारण तो विचारतो. घात करतो तो दोन्ही भाषांत सारखाच दिसणारा शब्द.

महालक्ष्मीचेच पाहा. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळावर जातात. हिंदी पट्ट्यातही महालक्ष्मी व्रत आहे. ते भाद्रपद शुद्ध अष्टमीला सुरू होऊन सोळा दिवस चालते, सोळा गाठींचा दोरा बांधतात आणि बऱ्याच जणी त्यात उपवास धरतात. २०२४ मध्ये आमचे महालक्ष्मीपूजन ११ सप्टेंबरला होते आणि त्यांचे व्रतही ११ सप्टेंबरलाच सुरू झाले. म्हणजे नाव जुळते, तारीख जुळते, सोळाचा आकडासुद्धा जुळतो. आता ‘बुधवार को महालक्ष्मी पूजन है, अवश्य पधारें’ हे वाक्य वाचा. व्याकरणाने ते निर्दोष आहे, पण ते वाचून विहीणबाई उपवास धरून येऊ शकतात. इकडे पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्या पानात वाढायच्या असतात, आणि पाहुणी न जेवता उठली तर दोन्ही घरांना ते लागते.

म्हणून मी नाव बदलत नाही, पण त्याला एकटेही सोडत नाही. ‘हमारे यहाँ की महालक्ष्मी, यानी दो बहनें जो तीन दिन के लिए मायके आती हैं, बुधवार को उनका भोज है, कृपया उस दिन उपवास न रखें और दोपहर का भोजन हमारे साथ करें।’ यातले ‘उपवास न रखें’ मूळ मराठी निरोपात नव्हते. मुलगी म्हणते, हे भाषांतर नाही, भर आहे. मला ते पटत नाही. मराठीत ‘महालक्ष्मीचे जेवण’ म्हटले की उपवास नाही हे सांगावे लागत नाही, ते शब्दाच्या पोटातच आहे. हिंदीत ते पोट रिकामे होते, म्हणून तेवढे भरून द्यावे लागते. शेवटच्या दिवसाचेही तसेच. ‘विसर्जन’ लिहिले की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे नदी येते. आमच्याकडे बहुतेक घरांत अक्षता टाकून मुखवटे हलवतात आणि पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात, म्हणून तिथे मी सरळ ‘विदाई’ लिहिते.

इंग्रजी तारीख दिली की झाले, असे काही जण म्हणतात. महिन्यांच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. आमचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. अकोल्याची कावड श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी निघते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणून राजराजेश्वराला घालतात. २०२४ मध्ये उत्तरेच्या सावनचा शेवटचा सोमवार १९ ऑगस्टला होता आणि आमच्या श्रावणाचा २ सप्टेंबरला. नुसते ‘सावन का आखिरी सोमवार’ लिहिले असते तर पाहुणे दोन आठवडे आधी स्टेशनवर उतरले असते. पण तारीख फक्त कधी यायचे ते सांगते. जेवायचे की उपवास करायचा, हे ती सांगत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो : इतके उलगडून सांगितले की देवाच्या नावातले गांभीर्य जाते. छापखान्यातल्या तयार हिंदी पत्रिका याच भीतीने ‘मांगलिक अनुष्ठान’, ‘पूजन-अर्चन’ अशा शब्दांनी भरलेल्या असतात. मलाही भारदस्त हिंदीचा मोह होतो. आपल्याला ती भाषा किती येते हे दाखवावेसे वाटते, आणि तो मोह अजून गेलेला नाही. पण संस्कृत शब्द सगळ्यांचा म्हणून सुरक्षित, हा समज वरच्या उदाहरणात टिकत नाही, कारण ‘महालक्ष्मी’, ‘श्रावण’ आणि ‘विसर्जन’ हे तिन्ही शब्द संस्कृतच आहेत. गांभीर्य नावात राहू द्यावे. पाहुण्याने काय करायचे, ते मात्र घरच्या हिंदीत सांगावे.

‘सवाष्ण’पाशी मात्र माझी ही रीत अडते. ‘सुहागन’ हा तिचा नेमका अर्थ आहे, तिथे गैरसमजाला जागाच नाही. पण निरोप एकत्र कुटुंबाला जातो आणि त्या घरात एखादी विधवा सासू असते. मराठीत तो शब्द सवयीने ऐकला जातो, हिंदीत लिहून पाठवला की तो तिला वगळल्यासारखा वाचला जातो. म्हणून ‘सब बहनें भोजन के लिए आएँ’ एवढेच मी लिहिते, आणि ओटी कोणाची भरायची हे यजमानीण त्या दिवशी ठरवते.