टायपिंगसाठी रोज वीस मिनिटं, आणि रविवार

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत दहावी झाली रे झाली की मुलांना टायपिंगच्या क्लासला धाडायची पद्धत होती. मीही तशीच शिकले आणि पुढे त्याच जोरावर कारकुनी केली. त्यामुळे बहिणीची मुलगी एसएससीच्या सीएचएसएल परीक्षेला बसली तेव्हा हक्कानं माझ्याकडे आली. "मावशी, गणित आणि जीके करू की टायपिंग?"

आधी हिशेब मांडला. टायपिंग 10 मिनिटांचं, इंग्रजीला मिनिटाला 35 शब्द, हिंदीला 30. पाच कळा म्हणजे एक शब्द, म्हणजे तिच्या इंग्रजीला 1750 कळा. इथे फक्त पास-नापास असतं, मेरिटमध्ये गुण धरत नाहीत. तेव्हा साठचा स्पीड करत बसण्यात अर्थ नाही, पण नापास झालं तर लेखी पेपरचे गुण मातीत.

घड्याळ लावून तिला बसवलं. स्पीड आला 38, पोरगी खूश! मी चुका मोजल्या. 380 शब्दांत 34, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. खुल्या वर्गाला सात टक्क्यांपर्यंतच सूट. या 34 पैकी 23 शब्द तर तिनं टाइपच केले नव्हते, दोन अख्ख्या ओळी सुटल्या होत्या. बोटं ठीक होती हो, डोळा चुकत होता. ती कीबोर्डकडे बघायची आणि नजर वर नेताना भलत्याच ओळीवर उतरायची.

आमचे सर हातांवर रुमाल टाकायचे, तोच उपाय केला. आठवडाभर स्पीड 26 वर आला, रडकुंडीला आली बिचारी. महिन्याभरात 40 झाला, आणि ओळी सुटणं थांबलं.

वेळ ठरवला तो सकाळी अभ्यासाआधी वीस मिनिटं. एक उतारा, मग त्यात चुकलेले शब्दच पुन्हा. दिवसभर गणित, रीझनिंग, जीके. रात्री टायपिंग बंद, कारण थकलेला हात चुकांचीच सवय लावून घेतो.

रविवार मात्र वेगळा. परीक्षेत सव्वादोन तासांचा पेपर झाल्यावर त्याच दिवशी टायपिंग असतं. म्हणून रविवारी आधी पूर्ण मॉक पेपर आणि लगेच टायपिंग. पहिल्याच रविवारी चाळीसचे 34 झाले. मी म्हटलं, "हाच तुझा खरा स्पीड, सकाळचा नव्हे." मग सकाळचं लक्ष्य 45 ठेवलं.

रविवारचा आकडा लागोपाठ तीनदा 38 च्या वर आणि चुका तीन टक्क्यांच्या आत आल्या, तेव्हा सकाळची वीस मिनिटं दहावर आणली. उरलेली दहा जीकेला दिली, तिथे ती कच्ची होती.