दादीचा फोन

दोन वर्षांपूर्वी दादीच्या धाकट्या बहिणीचा शेवटचा फोन आला, तेव्हा मोबाईल गादीवर उताणा पडला होता. घंटी वाजली, पण कुणालाच ऐकू आली नाही. नवा फोन घ्यायला यंदा आम्ही स्वतः दादीबरोबर गेलो.

दुकानदाराने मोठ्या पडद्याचा फोन दाखवला. बॅटरी पाच हजार एमएएच.

"बेटा, आकडा बडा है, तो चलेगा भी ज्यादा ना?"

आम्ही म्हणालो, "दादी, मोठा पडदा आणि इंटरनेट तेवढी बॅटरी एक-दोन दिवसांत पिऊन टाकतात. बटणांच्या फोनला दीड हजारही तीन-चार दिवस पुरते."

आवाजाचा उपयोगी आकडा खोक्यावर सहसा नसतो. म्हणून दुकानातले दोन फोन आम्ही दादीच्या शालीवर ठेवून वाजवले. मागे जाळी असलेल्याचा आवाज शालीत दबला, कडेला जाळी असलेल्याचा खणखणीत आला. मग तो दादीच्या कानाला लावून बोललो, कारण कानाशी बोलणारा स्पीकर बहुधा वेगळा असतो. घंटी मोठी म्हणून बोलणे स्पष्ट असेलच असे नाही.

राहिली अक्षरे. सेटिंगमध्ये 'मोठी' निवडली, तर नंबर मोठे झाले, पण मेसेज बारीकच राहिला. दुसऱ्या फोनमध्ये दोन्ही वाढले. दादीने तो हातभर लांब धरून मेसेज वाचला.

"यही लेंगे," ती म्हणाली. "अब गादी पे भी बजेगा."