कात्यायनाचा पणजोबा

संस्कृत ग्रंथ वाचायला बसलेल्या माणसाला दोन प्रकारचे शब्द पावलोपावली भेटतात. एक भाववाचक: शौर्य, क्लैब्य, आर्जव. दुसरे अपत्यवाचक: गार्ग्य, भार्गव, पार्थ. गंमत अशी की दोघांची घडण बाहेरून सारखीच दिसते. शूर या शब्दाला ‘य’ लागतो, पहिला स्वर वाढतो आणि ‘शौर्य’ होते. गर्गालाही ‘य’ लागतो, पहिला स्वर वाढतो आणि ‘गार्ग्य’ होतो. ऋजूपासून आर्जव होते, तसाच भृगूपासून भार्गव. पाणिनी या प्रत्ययांना ष्यञ्, यञ्, अण् अशी वेगवेगळी नावे देतो, पण त्यातली सांकेतिक अक्षरे गळून गेल्यावर वाचकाच्या हाती नुसता ‘य’ किंवा ‘अ’ उरतो.

मग ओळखायचे कसे? आधी मूळ शब्द पाहावा. तो गुण किंवा अवस्था सांगत असेल तर साधित शब्द बहुधा भाववाचक, आणि व्यक्तीचे नाव असेल तर अपत्यवाचक. मग लिंग पाहावे. अशी भाववाचके नपुंसकलिंगी असतात. वंशजाचे नाव त्या माणसाचे लिंग घेते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या श्लोकात या दोन्ही प्रकारचे शब्द एकाच चरणात आहेत. ‘क्लैब्य’ ही टाकायची अवस्था आणि ‘पार्थ’ हा पृथेचा मुलगा. कृष्ण आईच्या नावाने हाक मारतो आणि भ्याडपणा सोडायला सांगतो.

अपत्यवाचकात खरी गुंतागुंत पिढ्यांची आहे. गर्गाचा मुलगा गार्गि. नातू आणि त्यापुढचे सगळे गार्ग्य, या नातवापासूनच्या वंशाला पाणिनी ‘गोत्र’ म्हणतो (४.१.१६२). पणतूच्या वेळी घराण्यातला बाप-आजोबांसारखा वडीलधारा जिवंत असेल, तर त्या पणतूला ‘युवा’ म्हणतात (४.१.१६३) आणि तो होतो गार्ग्यायण. इथे ‘युवा’चा वयाशी संबंध नाही. घरात म्हातारा हयात आहे, एवढेच हे नाव सांगते.

हे सगळे एका जागी पाहायचे तर प्रश्नोपनिषदाचा आरंभ उघडावा. पिप्पलादाकडे सहाजण समिधा घेऊन येतात आणि त्यांची ओळख बहुतांशी तद्धितांतूनच होते. त्यांत आश्वलायन आहे आणि कबन्धी कात्यायनही आहे. दोन्ही नावांच्या शेवटी ‘आयन’. पण ते काढून पाहा. आश्वलायनाच्या मुळाशी उरतो अश्वल, म्हणजे मूळ पुरुषाचे नाव. प्रत्यय थेट त्यालाच लागला आहे, म्हणून अर्थ साधा: अश्वलाचा वंशज. कात्यायनातून उरतो कात्य, आणि तो स्वतःच ‘कत’पासून बनलेला गोत्रवाचक शब्द आहे. म्हणजे इथे प्रत्ययावर प्रत्यय चढला आहे, आणि तो युवार्थी आहे. शंकराचार्यांचे भाष्य नेमके हेच टिपते: याचा पणजोबा अजून हयात आहे. उपनिषदाने त्या म्हाताऱ्याबद्दल एक अक्षरही सांगितलेले नाही. तो केवळ प्रत्ययात जिवंत आहे.

दुसरा प्रश्न विचारणारा आहे भार्गव वैदर्भि. नागपुरात हे उपनिषद शिकवताना या नावावर वर्ग थबकतोच, कारण सगळ्यांना तो आपल्या गाववाल्यासारखा वाटतो. भाष्यकारही त्याला विदर्भात जन्मलेला म्हणतात. पण रूप पाहिले तर अडचण येते. अकारान्त नावाला अपत्यार्थी ‘इञ्’ लागतो (४.१.९५): दशरथाचा दाशरथि, तसा विदर्भ नावाच्या पुरुषाचा वैदर्भि. नुसता ‘विदर्भातला’ म्हणायचे असते तर वैदर्भ किंवा वैदर्भक अशी रूपे अपेक्षित होती. विदर्भाच्या क्षत्रिय राजवंशातला म्हणावे तरी पाणिनीनुसार रूप वैदर्भच होते (४.१.१६८), शिवाय हा गृहस्थ भृगुकुळातला ऋषी.

मला वाटते, भाष्यकारांनी देश का धरला याचे कारण शेजारच्या शब्दात आहे. ‘भार्गव’ने कुळ आधीच सांगून टाकले आहे; दुसरा शब्दही कुळच सांगणार असेल तर त्याने नवे काय दिले? ‘एक कुळ, एक गाव’ अशी वाटणी केली की ओळख पूर्ण होते. वैदिक भाषा पाणिनीच्या चौकटीत सर्वत्र बसत नाही, हेही भाष्यकारांच्या बाजूने आहे. उलट बाजूने, जवळचा विदर्भ नावाचा पूर्वज आणि दूरचा भृगू असे दोन्ही सांगणेही अशक्य नाही. वर्गात मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो आणि रूपाचे झुकते माप पूर्वजाकडे आहे, हे स्पष्ट सांगतो.

याच प्रसंगात पिप्पलाद या सहाजणांना वर्षभर ब्रह्मचर्याने राहायला सांगतो. ‘य’ दिसला की विद्यार्थी शौर्याच्या रांगेत ब्रह्मचर्यही बसवतात. पण इथे पहिला स्वर वाढलेला नाही. ‘ब्राह्मचर्य’ झालेले नाही. हा ‘य’ नामाला नव्हे, चर् धातूला लागलेला आहे. म्हणून पिप्पलाद त्यांच्याकडे मागतो ती एखादी अवस्था नव्हे, आचरण. आणि आचरणाला मुदत घालता येते, म्हणूनच तो वर्षाची घालतो.