स्फिंक्सची पाठ

सिंगरच्या जुन्या पायमशीनचं वय बघायचं तर आधी त्याच्या मागे जाऊन उभं राहावं. पुढच्या अंगाला कापड सरकतं, मनगट टेकतं, पदर घासतो. वर्षानुवर्षं, बाई बदलली तरी त्याच जागी, आणि तिथलं सोनं हळूहळू हातांबरोबर निघून जातं. मागची बाजू मात्र भिंतीकडे तोंड करून राहिलेली. तिथली नक्षी शाबूत असते.

मावशीच्या ओटीवरचं मशीन असंच भिंतीला टेकलेलं होतं. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आलं होतं. मशीन थोडं पुढे ओढलं आणि काळ्या लोखंडावर स्फिंक्स उजळला: पंख पसरलेला, सोनेरी, डोळे मिटल्यासारखा. पुढच्या बाजूला त्याचा नुसता माग उरला होता. सोनं झिजलं तरी रोगणाखाली आकृतीची कड राहते, आणि ती समोरून दिसत नाही. उजेड आडवा पडावा लागतो. मी कापूस मशीनच्या तेलात बुडवून हलक्या हातानं फिरवला. इथे स्पिरिट चुकूनही लावू नये. नक्षीवरचं लाखेचं रोगण त्यात विरघळतं आणि शंभर वर्षांचं सोनं एका पुसण्यात कापसावर येतं.

पण नक्षीवर सगळा विश्वास टाकता येत नाही. तीच नक्षी कारखान्यात वर्षानुवर्षं चालायची, आणि आपल्याकडे जुनं मशीन रंगवून त्यावर नवी चिकटचित्रं लावण्याची रीत आहे. नक्षी घराणं सांगते. जन्माचं साल सांगतो तो क्रमांक, बेडच्या उजव्या टोकाला, लोखंडाच्या किंचित उंच चौकोनावर ठोकलेला. तेलकट धूळ काढल्यावर बोटाला आधी खाचा लागल्या आणि मग अक्षर दिसलं: वाय, पुढे सात आकडे.

वाय म्हणजे स्कॉटलंड, क्लाइडबँकचा कारखाना. आणि ही मालिका साधारण 1921 ते 1935 या काळातली. 1900 च्या आधीच्या सिंगरवर अक्षरच नसे, नुसते आकडे. हे क्रमांक गठ्ठ्यानं वाटले जायचे, त्यामुळे यादीत मिळणारी तारीख गठ्ठा नेमून दिल्याची असते, डोकं जुळून तयार झाल्याची नव्हे. मधे काही महिने जात असतील. तेवढी जागा मोकळी सोडलेली मला आवडते.

मग यंत्राला विचारलं. सरकती पट्टी बाजूला केल्यावर आत गोळीसारखं निमुळतं शटल दिसलं आणि त्यात लांबट बॉबीन, आताच्या गोल बॉबीनच्या घरात कुठेच न बसणारी. चाक सावकाश फिरवलं की शटल कमानीत झुलून येतं. हे 27 किंवा 127. दोघांत फरक बॉबीन भरायच्या यंत्राच्या जागेचा: जुन्या 27 मध्ये ते खाली, बेडजवळ असतं आणि 127 मध्ये वर, चाकाशेजारी. इथे ते वर होतं. नक्षी, क्रमांक आणि यंत्रणा तिघांची साक्ष जुळली.

जुळली नाही ती मावशीची आठवण.

“अगं, हे पणजीचं. 1910 च्या आसपास आलेलं, आई नेहमी सांगायची.” तिच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती, आणि मी क्रमांकाचं सांगायला तोंड उघडलं तशी ती गप्प झाली. मला फार वाईट वाटलं. आठवणीला यादीनं खोडावं अशी माझी बिलकूल इच्छा नव्हती. म्हणून गुडघे टेकून मी खाली पाहिलं: पायपट्टी, मोठं चाक, कास्ट आयर्नची जाळीदार नक्षी. पायपट्टीपासून चाकापर्यंत जाणारा दांडा लाकडी होता, हाताळून गुळगुळीत. नंतरच्या स्टँडांना तो लोखंडी येऊ लागला. आणि वरच्या फळीला, डोक्याच्या बिजागऱ्यांशेजारी, लाकडाच्या खुंट्यांनी बुजवलेली जुनी स्क्रूंची भोकं.

या स्टँडवर आधी दुसरं डोकं होतं.

सिंगरच्या पूर्ण मापाच्या डोक्यांत एकाच्या जागी दुसरं बसवता येतं. स्टँड तेच राहून वरचं यंत्र बदलणं काही नवलाचं नाही. लाकडी दांडा एकटा नेमकं साल देत नाही, पण बुजवलेली भोकं आणि तो दांडा एकत्र आल्यावर मावशीच्या आठवणीला उभं राहायला जागा मिळते. मी तिला ती भोकं दाखवली. तिनं करंगळी एका खुंटीवर फिरवली आणि म्हणाली, “म्हणजे पाय पणजीचे, सुई आजीची.”

वहीत मी दोन ओळी लिहिल्या. डोकं: 127, क्लाइडबँक, 1921 ते 1935. स्टँड: बहुधा त्याआधीचं, वेगळं आलेलं. दुसऱ्या ओळीपुढे पेन्सिलीनं पणजीचं नाव लिहायला मावशीनं लावलं, आणि लाकडी दांडा बदलायचा नाही असं सुताराला सांगायलाही.